वृत्तमालिकेची आखणी : उदाहरण मुरुम परिसराचे

वृत्तमालिका म्हणजे एकाच प्रश्नाचे उत्तर ठरावीक दिवसांत, ठरावीक क्रमाने देणाऱ्या बातम्यांचा संच. मोठी बातमी तोडून पाच दिवस छापली तर मालिका होत नाही, आणि एकाच विषयावरच्या पाच सुट्या बातम्या एका लोगोखाली आणल्यानेही होत नाही. आखणीची कामे तीन : कोन निवडणे, वार्ताहर नेमणे आणि भागांचा क्रम लावणे. या तिन्ही कामांची उकल धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुम परिसराच्या उदाहरणाने करता येते. मुरुम उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे किल्लारी गाव तिथून सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटरवर आहे. जिल्हा आवृत्तीने भूकंपाच्या स्मरणदिनानिमित्त पाच भागांची मालिका करायची ठरवली, तर ती कशी आखावी, ते पुढे पाहू.

पहिले काम विषयाचा प्रश्न करण्याचे. ‘किल्लारी भूकंपानंतरचा मराठवाडा’ हा विषय झाला. त्यात पुनर्वसन, अनाथ मुले, शेतजमीन, मदतीचे राजकारण असे सगळेच बसते आणि म्हणूनच मालिका पसरते. ‘तसाच भूकंप आज झाला, तर या पट्ट्यातली घरे उभी राहतील का?’ हा मात्र प्रश्न आहे. त्याचे उत्तर भिंती, छपरे, परवाने आणि गवंडी यांच्याकडे जाऊन शोधता येते. पी. साईनाथ यांनी 1990च्या दशकात ‘टाइम्स ऑफ इंडिया’साठी देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांतून जी वार्तापत्रे लिहिली, ती याच पद्धतीने उभी राहिली. गरिबी हा अफाट विषय होता. शेतीत काम नसते त्या महिन्यांत गरीब माणूस जगतो कसा, हा प्रश्न त्यांनी धरला. त्यामुळे कुठल्या हंगामात कुठे जायचे आणि कोणाला भेटायचे, हेही आपोआप ठरत गेले. त्या वार्तापत्रांचे पुस्तक 1996 मध्ये आले.

प्रश्न ठरला की कोनांची यादी होते. ती सुरुवातीला लांब असावी आणि मग प्रत्येक कोनाला एकच कसोटी लावावी : याने मूळ प्रश्नाच्या उत्तरात भर पडते का? भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ही मुले आज काय करतात, हा अतिशय वाचनीय कोन आहे, पण घरे उभी राहतील का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणून तो मालिकेतून काढून रविवारच्या पुरवणीकडे द्यावा. असे चांगले कोन बाजूला काढणे हे आखणीतले सर्वांत जड काम असते. ते टाळले की मालिका पाचाची आठ भागांची होते आणि सहाव्या भागापासून वाचक सुटतो.

या कसोटीवर चार कोन टिकतात. पहिला माळवदाच्या घरांचा. 1993 मध्ये बहुतेक बळी दगड-मातीच्या घरांनी घेतले. या घरांच्या भिंती रुंद, पण दोन बाजूंना दगडांचे दोन थर आणि मध्ये मातीगोट्यांची भर अशा. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नसल्याने हादरा बसताच थर सुटून भिंत फुगली आणि लाकडी तुळयांवरचे मातीचे जड माळवद खाली आले. पाऊस गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकतात. जुना थर न काढता वर्षानुवर्षे माती चढत गेली की छताचे वजन वाढत जाते. त्यामुळे अशी किती घरे अजून राहती आहेत आणि त्यांच्या छतावर किती जाड माती आहे, हे मोजणे हा या कोनाचा गाभा.

दुसरा कोन दुरुस्त झालेल्या घरांचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावांचे तीन वर्ग केले गेले. पूर्ण उद्ध्वस्त 52 गावे नव्या जागी वसवली, काही गावे जागच्या जागी बांधली आणि उरलेल्या कितीतरी गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. भिंतीत आरपार दगड बसवणे, खिडकीच्या वर भूकंपरोधक पट्टा टाकणे आणि छतावरची माती कमी करणे ही त्यातली मुख्य कामे होती. ती किती घरांत टिकली, हे आत जाऊन पाहता येते. तिसरा कोन नव्या जागी वसलेल्या गावांचा. तिथे मालकाच्या जमिनीप्रमाणे 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. कुटुंबे वाढली तशी त्या घरांना खोल्या जोडल्या गेल्या. मूळ घर मजबूत असले, तरी जोडलेली खोली कशी आहे, हा प्रश्न उरतो. चौथा कोन मुरुमसारख्या बाजारपेठेच्या गावाचा. खाली गाळे आणि वर राहती घरे अशा इमारतीत तळमजल्यावर भिंती कमी व खांब जास्त असतात. भूकंपात असा तळमजला आधी बसतो. परवाना देताना हे तपासले जाते का, याचे उत्तर नगर परिषदेच्या कागदांत असते.

पाचवा भाग हा कोन नसून उत्तर आहे : चार भागांत जे आढळले ते एकत्र मांडणारा आणि जबाबदारी कोणाची हे सांगणारा. आखणीच्या वेळी हा भाग सर्वांत आधी चार ओळींत लिहून ठेवावा. त्या चार ओळी लिहिता येत नसतील, तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही, असे समजावे. बातमीदारी करताना उत्तर बदलले तर त्या ओळीही बदलाव्यात. त्या मोडायला तयार असणे हीच त्या लिहून ठेवण्याची अट.

वार्ताहर नेमताना कोण कुठे राहतो यापेक्षा कोण काय काढू शकतो आणि कोणाला काय लिहिणे अवघड जाईल, हे पाहावे लागते. मराठी वृत्तपत्रांत गाव आणि तालुका पातळीवरचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ नोकर नसतो. अनेक ठिकाणी तो जाहिरातीही आणतो. घरोघरी त्याची ओळख असते आणि कोणाच्या माळवदावर किती माती आहे, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. म्हणून पहिला व दुसरा भाग त्याला द्यावा. पण नगर परिषदेच्या परवान्यांवरचा चौथा भाग त्याच्या नावाने छापला, तर ज्यांच्याकडून तो रोज बातम्या आणि जाहिराती घेतो, त्यांच्याशीच त्याचा वाद लागतो. तो भाग जिल्हा प्रतिनिधीने करावा, स्थानिक वार्ताहराने कागद आणि पत्ते पुरवावेत. तिसऱ्या भागासाठी लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतली गावे लागतात, कारण किल्लारी लातूर जिल्ह्यात आणि सास्तूर धाराशिव जिल्ह्यात आहे. म्हणून तो दोन आवृत्त्यांच्या वार्ताहरांनी मिळून करावा. पाचही भाग हाताळणारा उपसंपादक मात्र एकच असावा. संज्ञा, आकडे आणि गावांची नावे सर्व भागांत सारखी ठेवणे हे त्याचे काम. पहिल्या भागात ‘माळवद’ आणि तिसऱ्या भागात ‘धाबे’ आले, तर वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

वेळापत्रक छापण्याच्या दिवसापासून मागे मोजावे लागते. शेवटचा भाग 30 सप्टेंबरला यायचा, तर पहिला 26 तारखेला. चौथ्या भागासाठी परवान्यांची माहिती हवी. माहितीच्या अधिकारात उत्तराची मुदत 30 दिवस, आणि उत्तर न आल्यास पहिल्या अपिलाला आणखी 30, फार तर 45 दिवस. म्हणजे अर्ज जूनच्या मध्याला गेला, तर अपील धरूनही कागद ऑगस्टच्या अखेरीस हाती येतात. जुलैच्या शेवटी अर्ज केला तर चौथा भाग ऐकीव माहितीवर उभा राहतो. पहिल्या भागाची छायाचित्रे तर त्याहून आधी, मे महिन्यात घ्यावी लागतात, कारण माळवदावर माती चढते ती तेव्हा. मालिका सप्टेंबरची असली, तरी तिचे पहिले काम उन्हाळ्यात सुरू होते, ते असे.

क्रम लावताना सर्वांत खळबळजनक भाग पहिला टाकण्याचा मोह होतो. इथे तो भाग परवान्यांचा, म्हणजे चौथा. पण भूकंपरोधक पट्टा म्हणजे काय आणि तो नसला तर काय होते, हे दुसऱ्या भागात वाचलेल्यालाच परवान्यातली उणीव कळते. म्हणून समजुतीचा क्रम पाळावा आणि पहिल्या भागाला त्याची स्वतःची बातमी द्यावी. एखाद्या गल्लीतली सगळी घरे मोजून, त्यांतली राहती माळवदे किती आणि मातीची जाडी किती, हे छापले तर तीच ठोस बातमी होते. अडचण दुसरीही असते : पहिला भाग आला की ज्यांच्यावर चौथ्या भागात आक्षेप येणार, ते सावध होतात. त्यामुळे त्यांचे म्हणणे 26 तारखेच्या आधीच घेऊन ठेवावे आणि ते त्यांच्याच भागात छापावे, दुसऱ्या दिवशीच्या खुलाशात नव्हे. पहिला भाग पानावर जाण्यापूर्वी चार भाग संपादित आणि पाचवा कच्च्या स्वरूपात तयार हवा. दोन भागांवर मालिका सुरू केली, तर पावसाने, निवडणुकीने किंवा एखाद्या मोठ्या अपघाताने वार्ताहर दुसरीकडे जातो आणि ‘क्रमशः’ तसेच लटकत राहते.

प्रत्येक भाग एकटा वाचला तरी कळला पाहिजे, कारण रोजचा अंक रोज हातात येईलच असे नाही. त्यासाठी मूळ प्रश्न आणि आधीच्या भागांचे निष्कर्ष तीन-चार ओळींच्या चौकटीत द्यावेत. मजकुरात ते पुन्हा आणू नयेत. आखणी फसल्याची खूण छापण्याआधीच दिसते : दोन भागांचे इंट्रो अदलाबदल करून बघावेत. अदलाबदल चालत असेल, तर ते दोन भाग नसून एकच आहे आणि त्यातला एक काढायला हवा. दुसरी खूण तिसऱ्या भागात दिसते. तिथे अधिकाऱ्यांची विधाने वाढली आणि प्रत्यक्ष पाहिलेले कमी झाले, तर वार्ताहराला पुन्हा गावात पाठवावे किंवा मालिका चार भागांची करावी. प्रतिक्रियांच्या बातम्या मालिकेच्या जागेत घुसवू नयेत. त्या स्वतंत्र छापाव्यात, नाहीतर चौथ्या दिवशी मालिकेची जागा नेत्यांच्या निवेदनांना जाते.

मालिका संपल्यावर एक काम उरते आणि ते आखणीतच लिहून ठेवावे लागते : सहा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये, त्याच गल्लीत आणि त्याच परवाना विभागात पुन्हा जाण्याची तारीख व त्यासाठी नेमलेला वार्ताहर. मातीचे थर उतरले का आणि परवान्याची तपासणी सुरू झाली का, हे त्या बातमीतच कळते. ज्या मालिकेच्या वेळापत्रकात ही तारीख नाही, तिची आखणी अपुरी समजावी.