मुदत संपल्याचं पत्र

मुदतीच्या नोकरीत शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते. ती आली की करार आपोआप संपतो. तरीही अनेक कंपन्यांच्या पत्रात 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे' असं छापलेलं असतं. कराराची मुदत सरली म्हणून नोकरी थांबणं म्हणजे कामगारकपात नव्हे, असं कायदा मानतो. मग काढून टाकल्याची भाषा कशाला? त्यात 'काम समाधानकारक नाही' अशी पुस्ती जोडली, तर साध्या पत्राचं आरोपपत्र होतं. माणूस दुखावतो आणि प्रसंगी वाद कोर्टातही जातो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरचा करार 1 जानेवारी 2026 ते 31 डिसेंबर 2027 असा आहे. त्याला पत्र 1 डिसेंबरला मिळावं, म्हणजे दुसरीकडे अर्ज करायला महिना हाती राहतो. करारात नोटिशीची वेगळी अट असेल तर अर्थातच ती पाळायची. सुरुवात अशी चालेल: 'आपला करार 31 डिसेंबर 2027 रोजी मुदतीनुसार पूर्ण होत आहे. त्याचं नूतनीकरण होणार नाही. दोन वर्षांच्या आपल्या कामाबद्दल आम्ही आभारी आहोत.' इथेच थांबावं. 'पुढे गरज पडल्यास बोलावू' हे वाक्य मनात खरोखर तसं असेल तरच लिहावं. नाहीतर माणूस उगाच फोनची वाट पाहत बसतो.

मग हिशेब. या इन्स्पेक्टरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 26,000 रुपये आहे. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे 26 दिवस धरतात, म्हणून रोज 1,000 रुपये झाला. वर्षाला 15 दिवसांप्रमाणे दोन वर्षांचे 30,000. पाच वर्षांची अट मुदतीच्या कर्मचाऱ्याला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार त्याला एक वर्ष पुरतं. बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच रक्कम पत्रातून गळते.

डिसेंबरचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी अशा तीन ओळी वेगवेगळ्या असाव्यात, कपातीही खाली स्वतंत्र दाखवाव्यात. प्रत्येक रकमेपुढे तारीख हवी. राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करावं असं संहिता सांगते. मुदत संपण्याचा त्यात थेट उल्लेख नाही, पण तोच नियम पाळलेला बरा: पगार आणि रजेचे पैसे 3 जानेवारीला. ग्रॅच्युइटीला 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून तिच्यापुढे 28 जानेवारी. 'लवकरच' हा शब्द हिशेबात नको.

पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनी कधी भरणार आणि अनुभवाचा दाखला कधी देणार, हेही पत्रात यावं. ती तारीख भरली नाही, तर पीएफ काढताना दावा अडकतो. आणि 'सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही' या कागदावर सही मागायची ती पैसे खात्यात जमा झाल्यावर, पत्र हातात ठेवताना नव्हे.