गोठवलेल्या मटाराच्या छायाचित्रावरून मालाची परीक्षा

हिवाळ्यात सोललेला मटार उकळत्या पाण्यातून काढून, थंड पाण्यात निववून व निथळून पिशव्यांत भरावा आणि उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवावा, म्हणजे तो कित्येक महिने टिकतो. मे महिन्यात एका गावच्या महिला बचत गटाने अशा एका पिशवीचे छायाचित्र मोबाइलवरून गावच्या कार्यकर्त्याकडे पाठविले व माल विकावा किंवा कसे, अशी पृच्छा केली.

चित्रात दोन खुणा होत्या. पिशवीच्या वरच्या भागात, जेथे हवा राहिली होती तेथे, काही दाणे सुरकुतलेले व पांढुरके दिसत होते. हा ‘फ्रीझर बर्न’ होय. दाण्यातील बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होऊन उडते व दाणा वाळतो. त्याची चव व मऊपणा जातो. परंतु केवळ एवढ्यावरून माल अपायकारक ठरत नाही. पांढरा थर हिमाचा असेल तर तो बोटाने पुसला जातो. वाळलेला डाग मात्र जात नाही.

दुसरी खूण अधिक गंभीर होती. खालच्या एका कोपऱ्यात हिरवट बर्फाची वडी होती आणि तेथील दाणे एकमेकांस घट्ट चिकटले होते. पाणी उताराकडे वाहते. म्हणून कोपऱ्यात साचलेला रंगीत बर्फ माल वितळून पुन्हा गोठल्याचे सुचवितो. तथापि दाणे नीट न निथळता भरल्यासही गठ्ठा होतो. म्हणून कार्यकर्त्याने त्याच दिवशी भरलेल्या इतर पिशव्यांची छायाचित्रे मागविली. त्यांतही खालच्याच बाजूस बर्फ होता. भरतेवेळी दाणे सुटे होते, हे गटाने सांगितले. मध्यंतरी वीज दीर्घकाळ बंद होती, हेही कळले.

छायाचित्रावरून माल वितळला हे बहुधा कळते. पण तो किती वेळ व किती उष्णतेत राहिला हे कळत नाही. वितळताना आत बर्फाचे कण शिल्लक असतील, तर माल पुन्हा गोठविता येतो. येथे त्याची खात्री नव्हती. म्हणून तो माल विकू अगर खाऊ नये, असाच सल्ला देण्यात आला.

छायाचित्र पिशवी बाहेर काढताच घ्यावे, कारण थोड्याच वेळात तिच्यावर दव जमते. फ्लॅश लावू नये. प्लॅस्टिकवरील चकाकी पांढऱ्या डागासारखी दिसते. पिशवीची वरची व खालची बाजू आणि उघडलेले दाणे, अशी तीन चित्रे पाठवावीत.

फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. नाणे बर्फात बुडालेले आढळले, तर मागे बर्फ वितळला होता असे समजावे व सर्व पिशव्या तपासाव्यात.