रस्त्यांच्या जाळ्यातील सर्वांत जवळचा मार्ग

नकाशा दाखविणाऱ्या साधनास आपण दोन ठिकाणे सांगितली, की क्षणार्धात तो एक मार्ग काढून देतो. सर्व मार्ग मोजून त्यांतला लहान निवडला, एवढेच त्याने केले असावे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. पाटावरील चौकटींप्रमाणे आखलेल्या, लांबीरुंदीला प्रत्येकी दहा चौकटींच्या वस्तीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात मागे न वळता जाण्याचे १,८४,७५६ मार्ग होतात. खऱ्या शहरात ही संख्या मोजण्याच्या पलीकडे जाते. तेव्हा मार्ग न मोजता लहान मार्ग शोधावा लागतो. त्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये शोधली व १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ॲमस्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफी घेताना वीसेक मिनिटांत ती सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या वेळी त्यांच्याजवळ कागद वा पेन्सिलही नव्हती.

आपण मात्र कागद घेऊ या. एका काल्पनिक गावातील सात चौकांसाठी सात वर्तुळे काढा आणि त्यांना नावे द्या : दवाखाना, नाका, शाळा, बाजार, पूल, वेस आणि वस्ती. आता चौकांना जोडणारे रस्ते काढून त्यांवर रुग्णवाहिकेला लागणारी मिनिटे लिहा. दवाखाना ते नाका ३, दवाखाना ते शाळा ४, दवाखाना ते बाजार ६, नाका ते बाजार २, शाळा ते वेस ११, बाजार ते पूल ३, बाजार ते वेस ४, पूल ते वस्ती ७ आणि वेस ते वस्ती ४. दवाखान्यातून निघून वस्तीपर्यंत लवकरात लवकर पोहोचायचे आहे.

प्रत्येक चौकाजवळ आपण एक आकडा लिहिणार आहोत : दवाखान्यापासून तेथवर येण्यास लागणारा, आतापर्यंत सापडलेला कमीत कमी वेळ. शेजारी आपण कोणत्या चौकातून तेथे आलो, त्याचे नावही लिहावे. हा आकडा आरंभी तात्पुरता असतो. अधिक चांगली वाट सापडली की तो खोडून नवा लिहायचा. पुढे एका विशिष्ट क्षणी तो कायम होतो, आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. या रीतीचे सारे मर्म तात्पुरता आणि कायम यांतील फरकात आहे.

दवाखान्याचा आकडा ० आणि तो कायम. तेथून नाक्याला ३, शाळेला ४ व बाजाराला ६ असे तात्पुरते आकडे मिळतात. आता नियम असा : तात्पुरत्या आकड्यांपैकी जो सर्वांत लहान, तो कायम करावा आणि त्या चौकातून निघणारे रस्ते तपासावेत. सर्वांत लहान आहे नाक्याचा ३. नाक्यावरून बाजार २ मिनिटांवर आहे, म्हणजे बाजाराला ५ मिनिटांत पोहोचता येते. तेथील ६ खोडून ५ लिहा, आणि शेजारी ‘नाक्यावरून’.

पुढे शाळेचा ४ कायम होतो व वेशीला ४ आणि ११ मिळून १५ हा आकडा मिळतो. मग बाजाराचा ५ कायम. तेथून पुलाला ८ आणि वेशीला ९. वेशीचे १५ खोडावे लागतात. त्यानंतर पुलाचा ८ कायम होतो, आणि पुलावरून वस्तीला प्रथमच आकडा मिळतो : १५.

येथे थांबण्याचा मोह होतो, कारण वस्ती सापडली आहे. पण वस्तीचा १५ अजून तात्पुरता आहे, आणि वेशीचा ९ त्याहून लहान आहे. म्हणून आधी वेस कायम करावी लागते. वेशीवरून वस्ती ४ मिनिटांवर, म्हणजे एकूण १३. पंधरा खोडले जातात, तेरा कायम होतात, आणि शोध संपतो. इच्छित चौक प्रथम दिसतो तेव्हा नव्हे, तर त्याचा आकडा कायम होतो तेव्हाच थांबावयाचे असते. अन्यथा रुग्णवाहिका दोन मिनिटे उशिरा पोहोचली असती. आता शेजारची नावे उलट वाचत या : वस्ती, वेस, बाजार, नाका, दवाखाना. हाच आपला मार्ग.

सर्वांत लहान आकडा कायम करण्याचे धाडस आपण कशाच्या बळावर करतो? बाजाराचा ५ पाहा. तो कायम करताना उरलेले तात्पुरते आकडे त्याहून मोठे होते. बाजाराला येणारी न पाहिलेली एखादी वाट असलीच, तर ती त्या उरलेल्या चौकांपैकी एखाद्यातून येणार; तेथवर पोहोचण्यासच पाचांहून अधिक मिनिटे लागतात, आणि पुढे चालून वेळ वाढतो, घटत नाही. हे शेवटचे गृहीतक महत्त्वाचे आहे. मिनिटांच्या हिशेबात ते नेहमीच खरे असते. परंतु विजेवर चालणाऱ्या वाहनाची खर्च होणारी वीज मोजू लागलो, तर उतारावर बॅटरी पुन्हा थोडी भरते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च शून्याखाली जातो. समजा, आपले आकडे विजेचे आहेत आणि वेशीवरून पुलाकडे उतरणारा आणखी एक रस्ता उणे ३ चा आहे. वेशीवरून पूल ६ मध्ये गाठता येईल. पण पुलाचा ८ तर आधीच कायम झालेला! अशा हिशेबाला ही रीत आहे तशी लावता येत नाही.

आपल्या शोधात शाळा व पूल यांच्यावर केलेले काम अखेर मार्गात आले नाही. पाण्यात खडा टाकल्यावर वलय पसरावे, तसा हा शोध सर्व दिशांना पसरतो. इच्छित स्थळाच्या दिशेने त्याला झुकविणारी सुधारणा पीटर हार्ट, निल्स निल्सन व बर्ट्रम राफेल यांनी १९६८ मध्ये मांडली. तीत प्रत्येक आकड्यात उरलेल्या अंतराचा अंदाज मिळवतात. मात्र हा अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीही जास्त असू नये.

खऱ्या रस्त्यांवर याहून अवघड अडचण वळणांची आहे. समजा, आपल्या बाजार चौकात नाक्यावरून येणाऱ्या वाहनास वेशीकडे वळण्यास मनाई आहे. थेट दवाखान्याकडून येणाऱ्यास मात्र ती नाही. आता बाजारात ५ मिनिटांत पोहोचलेले वाहन वेशीकडे जाऊ शकत नाही, म्हणून रीत पुलावरून जाणारा १५ मिनिटांचा मार्ग देते. वास्तविक दवाखान्याहून थेट बाजार ६, वेस १० आणि वस्ती १४ असा अधिक चांगला मार्ग उपलब्ध आहे. तो हातून निसटला, कारण बाजाराचे ६ आपण खोडून टाकले होते! चौकाजवळ एकच आकडा ठेवताना आपण असे गृहीत धरले, की तेथे कसे आलो याने पुढच्या प्रवासात फरक पडत नाही. वळणाची मनाई ते गृहीतक मोडते. उपाय असा, की आकडा चौकाला न देता चौकात येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला स्वतंत्रपणे द्यावा : ‘नाक्यावरून बाजार’ ५ आणि ‘दवाखान्याहून बाजार’ ६. दोन्ही आकडे टिकतात, आणि रीत मुळीच न बदलता उत्तर १४ येते. कागदावर वर्तुळे वाढतात एवढेच. बाजारापुरती ही दोन वर्तुळे काढून विद्यार्थ्यांनी संपूर्ण शोध पुन्हा एकदा स्वतः करून पाहावा.