वार्षिक पॅकेज आणि हातात पडणारा पगार

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक घरांना पगाराची ओळख जिल्हा परिषदेच्या शाळा, एसटी महामंडळ किंवा महसूल खाते यांच्यामार्फत झालेली असल्यामुळे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यांची बेरीज करून त्यातून कपाती वजा करणे, हीच तेथील पगाराच्या हिशेबाची रूढ रीत आहे. याच जिल्ह्यातील अभियांत्रिकी पदवीधराला पुण्यातील खासगी कंपनीचे नियुक्तीपत्र येते, तेव्हा त्यावर मासिक वेतनाऐवजी ‘सीटीसी’ नावाचा वार्षिक आकडा असतो. सीटीसी म्हणजे कंपनीला त्या कर्मचाऱ्यापोटी वर्षभरात येणारा एकूण खर्च. त्यात कर्मचाऱ्याच्या खात्यावर दरमहा कधीच जमा न होणाऱ्या रकमाही धरलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या आकड्याला बाराने भागून घरभाड्याचा किंवा शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

उदाहरणादाखल ४,२०,००० रुपयांचे पॅकेज घेऊ, ज्याचा सरळ बारावा भाग ३५,००० रुपये होतो. पत्रासोबतच्या तक्त्यात मूळ वेतन दरमहा १७,५०० रुपये, म्हणजे पॅकेजच्या निम्मे, दाखवले आहे असे धरू. हा आकडा प्रथम पाहायचा, कारण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हे दोन्ही त्यावर मोजले जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर जादा रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे मूळ वेतन फार खाली ठेवून बाकीचे भत्त्यांत दाखवण्याची जुनी पद्धत आता तितकीशी उपयोगाची राहिलेली नाही.

पॅकेजमधून आधी कंपनीचा स्वतःचा वाटा वेगळा काढावा लागतो. भविष्य निर्वाह निधीत कंपनी आणि कर्मचारी प्रत्येकी १२ टक्के भरतात, मात्र कायद्याने बंधनकारक असलेली वेतनमर्यादा १५,००० रुपये असल्याने अनेक कंपन्या तेवढ्यावरच, म्हणजे दरमहा १,८०० रुपये भरतात. वर्षाचे २१,६०० रुपये झाले. ग्रॅच्युइटी म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना कामाच्या २६ दिवसांचा धरला जात असल्याने १५ भागिले २६, पुन्हा भागिले १२, असे करून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के हा दर निघतो. या हिशेबाने वर्षाला १०,१०१ रुपये होतात. ही रक्कम पॅकेजमध्ये दिसली, तरी कायम कर्मचाऱ्याला ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, नोकरी सोडतानाच मिळते, त्यामुळे दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या तरुणाने ती आपल्या उत्पन्नात मुळीच धरू नये. आरोग्य विम्याचा हप्ता ६,००० आणि कामगिरीवर अवलंबून असलेला वार्षिक मोबदला २४,००० रुपये असेल, तर या चारही बाबींची बेरीज ६१,७०१ रुपये होते. कामगिरीचा मोबदला बहुधा वर्षाअखेरीस, आणि तोही मूल्यमापनावर ठरतो, म्हणून तो मासिक खर्चाचा आधार होऊ शकत नाही.

उरलेले ३,५८,२९९ रुपये बाराने भागले की दरमहा सुमारे २९,८५८ रुपयांचे ठोक वेतन मिळते. त्यात मूळ वेतन १७,५००, मूळ वेतनाच्या ४० टक्के घरभाडे भत्ता ७,००० आणि राहिलेले ५,३५८ रुपये विशेष भत्ता असतो; विशेष भत्ता ही हिशेब जुळवण्यासाठी ठेवलेली बाब असल्याने इतर कोणताही घटक वाढला की तो कमी होतो.

आता ठोक वेतनातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निर्वाह निधीचा वाटा, १,८०० रुपये, आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वजा करायचा. हा कर दरमहा २०० रुपये असून फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये होतात. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो लागत नाही. या पगारावर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर बसत नाही, कारण ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र रक्कम चार लाखांच्या खाली राहते. तेव्हा हातात २७,८५८ रुपये पडतात, आणि फेब्रुवारीत २७,७५८. पॅकेजच्या बाराव्या भागापेक्षा ही रक्कम ७,१४२ रुपयांनी कमी आहे.

या हिशेबात सर्वाधिक गोंधळ निर्वाह निधीमुळे होतो, कारण तो दोनदा वजा होतो: कंपनीचा वाटा ठोक वेतन ठरण्यापूर्वी आणि कर्मचाऱ्याचा वाटा त्यानंतर. कंपनी मर्यादेऐवजी पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के भरत असेल, तर दोन्ही वाटे २,१०० रुपयांचे होतात आणि हातातील पगार ६०० रुपयांनी घटून २७,२५८ वर येतो. पैसे बुडत नाहीत, फक्त ते निधीत जातात. कर्मचारी आधीपासून निवृत्तिवेतन योजनेचा सदस्य असेल, तर कंपनीच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० रुपये त्या योजनेत आणि ५५० रुपये निधीत जमा होतात, म्हणून निधीच्या पासबुकात कर्मचाऱ्याचा वाटा १,८००, कंपनीचा ५५० आणि निवृत्तिवेतनाचा १,२५० अशा तीन नोंदी दिसल्या पाहिजेत; पण १५,००० रुपयांहून अधिक मूळ वेतनावर पहिल्यांदाच निधीचा सदस्य झालेला कर्मचारी या योजनेत बसत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कंपनीचे पूर्ण १,८०० रुपये निधीतच जमा होतात. पगारपत्रकावर कपात दाखवूनही काही महिने पासबुकात नोंद आली नाही, तर कंपनीने कापलेली रक्कम भरलेली नाही असा संशय घ्यायला जागा असते आणि भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे तक्रार करता येते.