शेवटचं अक्षर जेव्हा मध्ये येतं

‘अस्सलामु अलैकुम’ आपण हजारदा ऐकलेलं असतं. त्यातला ‘अलैकुम’ हा शब्द म्हणजे खरं तर दोन शब्द एकमेकांना चिकटलेले. ‘अला’ म्हणजे वर, ‘कुम’ म्हणजे तुम्ही. सलाम, म्हणजे शांती, तुमच्यावर असो. आता ‘अला’ला ‘कुम’ जोडला तर ‘अलाकुम’ व्हायला हवं होतं. झालं ‘अलैकुम’. जोडलेल्या सर्वनामाने मूळ शब्दाला धक्का दिला, आणि तो धक्का कागदावरही दिसतो.

मराठीत ‘त्याचं पुस्तक’ म्हणताना ‘त्याचं’ सुटं राहतं. अरबीत ते पुस्तकाच्याच शेपटाला बसतं. ‘किताब’ म्हणजे पुस्तक, ‘किताबी’ माझं, ‘किताबुका’ तुझं (पुरुषाला उद्देशून; बाईला ‘किताबुकि’), ‘किताबुहु’ त्याचं, ‘किताबुना’ आमचं. असे प्रत्यय डझनभर आहेत आणि जवळजवळ तेच प्रत्यय नामाला, क्रियापदाला आणि ‘वर, मध्ये, पासून’ अशा अव्ययांनाही लागतात. ‘रआहु’ म्हणजे त्याने त्याला पाहिलं, ‘फीहि’ म्हणजे त्याच्यामध्ये. एवढा मात्र फरक, की ‘माझं’साठी नामाला नुसता ‘ई’ लागतो, तर ‘मला’साठी क्रियापदाला ‘नी’: ‘रआनी’, त्याने मला पाहिलं. हा मधला ‘न’ क्रियापदाच्या शेवटच्या स्वराचं रक्षण करतो म्हणून वैयाकरणांनी त्याला रक्षक नून असंच नाव देऊन टाकलं.

प्रत्यय लागण्याआधी शब्द आकार बदलतो हे आपल्याला नवीन नाही. घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात हे सामान्यरूप आपण न शिकता बोलतो. पण आपल्याकडे आधी उच्चार बदलतो आणि लेखन त्याच्या मागून जातं. अरबीत पुष्कळदा उच्चार जिथल्या तिथे राहतो आणि बदलतं ते फक्त लेखन. याचं कारण एकच आहे, आणि ते हाताशी आलं की बहुतेक नियम आपोआप उलगडतात. अरबी लेखनात काही सोयी फक्त शब्दाच्या शेवटासाठी राखून ठेवलेल्या आहेत. सर्वनाम चिकटलं की शब्दाचं शेवटचं अक्षर मध्ये ढकललं जातं आणि त्याची ती सवलत संपते.

सगळ्यात ठळक उदाहरण ‘ता मर्बूता’चं, म्हणजे ‘बांधलेल्या त’चं. स्त्रीलिंगी नामांच्या शेवटी येणारं हे अक्षर दिसतं ‘ह’सारखं गोल, पण डोक्यावर ‘त’चे दोन ठिपके. अरबी लेखनाची जुनी रीत अशी, की शब्द त्याच्यापुढे थांबल्यावर जसा ऐकू येईल तसा लिहायचा. ‘मद्रसा’ म्हणून थांबलं तर शेवटी ‘त’ ऐकू येत नाही, अस्पष्ट ‘ह’ तेवढा उरतो. म्हणून अक्षर ‘ह’चं. पुढे बोलत राहिलं तर ‘त’ उमटतो. म्हणून ठिपके ‘त’चे. आता ‘माझी शाळा’ म्हणायचं तर ‘मद्रसती’. इथे ‘त’वर थांबण्याचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा गोल अक्षर जाऊन साधा, उघडा ‘त’ येतो.

ही दुहेरी प्रकृती आपल्या बोलण्यातही येऊन बसली आहे. फारसीमार्गे मराठीत आलेल्या अरबी शब्दांपैकी किंमत आणि हरकत यांनी तो ‘त’ बरोबर आणला. कायदा आणि फायदा यांनी तो वाटेत टाकला. मुळात चौघांच्याही शेवटी तेच गोल अक्षर.

दुसरी सवलत ‘अलिफ मक्सूरा’ची. काही शब्दांच्या शेवटचा ‘आ’ सरळ उभ्या अलिफने न लिहिता ठिपके नसलेल्या ‘या’ने लिहितात. ‘मुस्तश्फा’, म्हणजे रुग्णालय, हा असा शब्द. ‘आमचं रुग्णालय’ झालं ‘मुस्तश्फाना’. कानाला काहीच फरक नाही, पण ‘आ’ मध्ये आला म्हणून कागदावर उभा अलिफ. कुराणाच्या परंपरागत लेखनात मात्र अशा पुष्कळ जागी मधला ‘या’ तसाच ठेवलेला दिसतो. तिथे आजच्या शाळेतला नियम लावून चूक काढायला जाऊ नये.

तिसरी तर निव्वळ मुकी आहे. ‘कतबू’ म्हणजे त्यांनी लिहिलं. त्यातल्या शेवटच्या ‘वाव’नंतर एक अलिफ लिहितात, जो कुणी उच्चारत नाही. ‘आणि’ या अर्थाचा ‘व’ही अरबीत पुढच्या शब्दाला जोडूनच लिहितात, त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून ही खूण, असं वैयाकरण सांगतात. ‘त्यांनी ते लिहिलं’ म्हणजे ‘कतबूहु’ झालं की ‘वाव’ मध्ये गेला, गल्लतीची भीती गेली आणि अलिफही गेला.

खरी परीक्षा घेतो तो ‘हम्झा’, गळ्यात क्षणभर अडकणारा व्यंजनध्वनी. शब्दाच्या शेवटी, दीर्घ ‘आ’नंतर, तो एकटाच ओळीवर बसतो. मध्ये आला की त्याला बैठक लागते: अलिफ, वाव किंवा या. कोणती, ते आजूबाजूच्या स्वरांवर ठरतं. ‘अस्दिकाअ’ म्हणजे मित्र, अनेकवचन. त्याचे मित्र आले: मित्र कर्ता, हम्झाला ‘उ’, शब्द ‘अस्दिकाउहु’, आणि हम्झा वाववर. मी त्याचे मित्र पाहिले: मित्र कर्म, हम्झाला ‘अ’, शब्द ‘अस्दिकाअहु’. इथे अलिफची बैठक हवी होती. पण आधीच एक अलिफ आहे आणि दोन शेजारी नकोत, म्हणून हम्झा पुन्हा एकटा ओळीवर. त्याच्या मित्रांबरोबर: अव्ययानंतर ‘इ’ येते, शब्द ‘अस्दिकाइहि’, हम्झा ‘या’वर. त्या ‘इ’ने पुढच्या ‘हु’लाही ओढून ‘हि’ केलं. ‘त्याचे मित्र’ हा एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि तिन्ही बरोबर असतात.

अरबी मातृभाषा असलेले लोकही इथे हमखास चुकतात. रोजच्या बोलीत विभक्तीचे हे शेवटचे स्वर गळून गेले आहेत, त्यामुळे कान मदतीला येत नाही. वाक्यात शब्दाचं काम काय, हे डोक्यात व्याकरण चालवूनच ठरवावं लागतं. ‘त्याच्या मित्रांबरोबर’ लिहिताना हम्झा ओळीवरच सोडून दिलेला दिसला, की लिहिणाऱ्याने विभक्ती पाहिली नाही हे लगेच कळतं.

आता सुरुवातीचा ‘अला’. त्याच्याही शेवटी ठिपके नसलेला ‘या’ आहे, पण तो मुस्तश्फाच्या वाटेने जात नाही. प्रत्ययापुढे त्याचा खराखुरा ‘य’ होतो. ‘इला’ म्हणजे कडे आणि ‘लदा’ म्हणजे जवळ, हेही तसेच: इलैका, लदैका. उलट ‘लि’ म्हणजे साठी, याचा ‘ल’ होतो: लका, लहु, पण माझ्यासाठी ‘ली’. या छोट्या शब्दांना वरचं सूत्र पुरत नाही. ते पाठच करावे लागतात.

शिकणाऱ्याची खरी फसगत मात्र ठिपक्यांपाशी होते. ‘किताबुहु’, त्याचं पुस्तक, आणि ‘किताबा’, म्हणजे लेखन, हे स्वरचिन्हांशिवाय लिहिले तर त्यांत फरक उरतो तो शेवटच्या गोल अक्षरावरच्या दोन ठिपक्यांचा. घाईत टाइप करणारे ते ठिपके सर्रास गाळतात. शंका आली तर शब्दाला ‘माझं’ जोडून पाहावं. ‘किताबती’ होतं, माझं लेखन, तेव्हा ते अक्षर ‘त’च होतं. ‘किताबुहु’ला मात्र पुढे काहीच जोडता येत नाही, कारण एका नामाला एकच सर्वनाम चिकटतं आणि ती जागा ‘त्याने’ आधीच घेतलेली असते.