शंभर शब्दांत निळा पडदा

तंत्रज्ञानाच्या साप्ताहिक बातम्यांचा व्हिडिओ बघताना निवेदक सहज गप्पा मारतोय असं वाटतं. संहितेत मात्र दोन रकाने असतात: डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे तो काय बोलणार. आधी मोठी बातमी, मग चार-पाच झटपट बातम्या, मागच्या भागातली दुरुस्ती आणि ठरलेला निरोप, हा साचा सहसा हलत नाही. मराठीत मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे शब्द बोलून होतात. म्हणजे पाऊण मिनिटाच्या बातमीला मिळतात जेमतेम शंभर.

घोळ होतो तो सांध्यावर. १९ जुलै २०२४चा शुक्रवार घ्या. भारतीय वेळेनुसार पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडमध्ये बिघाड झाला होता, तोही अमेरिकेच्या मध्य भागापुरता. सकाळी ९.३९ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सदोष अपडेट सोडलं आणि जगभरचे विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसू लागले. अमेरिकेत काही विमान कंपन्यांना पहाटेच्या बिघाडाचाही फटका बसला होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

घाईत लिहिणारा दोन्ही बातम्या एका दमात जोडतो: ‘मायक्रोसॉफ्टचं क्लाउड कोलमडलं, त्यामुळे जगभर विमानं अडकली.’ ऐकायला झकास, पण चूक. मी ते असं लिहीन:

‘क्राउडस्ट्राइकचं एक अपडेट फसलं आणि विंडोज संगणक सुरूच होईनात. मॅक आणि लिनक्स वाचले. कंपनीने सव्वा तासात अपडेट मागे घेतलं. पण अडकलेल्या बहुतेक संगणकांपाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये एक फाइल पुसावी लागतेय. पहाटेचा अझ्युरचा बिघाड वेगळा.’

फाइलचं नाव, `C-00000291*.sys`, डाव्या रकान्यात. ते तोंडाने वाचून दाखवण्यात काहीच हशील नाही. शेवटच्या छोट्या वाक्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. संकलक तेच आधी कापायला बघतो, म्हणून त्याखाली रेघ मारून ठेवावी.

किती संगणक बंद पडले? सुमारे ८५ लाख हा मायक्रोसॉफ्टचा अंदाज शनिवारी आला. शुक्रवारी व्हिडिओ टाकणाऱ्याने आकड्याची जागा अंदाजाने भरू नये. पुढच्या आठवड्याचा दुरुस्तीचा भाग त्यासाठीच आहे. बरेच जण तो भाग गाळतात. माझ्या मते झटपट बातम्यांतली एक कमी केली तरी चालेल, हा नको.

निरोपाचं वाक्य आधी सूचना न देता यावं. ‘चला, आता निरोप घेऊया’ म्हटलं की प्रेक्षक तिथेच उठतो. आणि ते दर आठवड्याला तेच असलं, तरी त्या दिवशीच्या बातम्यांशेजारी ठेवून वाचावं. ‘भेटू पुढच्या शुक्रवारी, तोवर अपडेट करत राहा!’ हे एरवी छान. त्या शुक्रवारी आयटीवाल्यांनी शिव्याच घातल्या असत्या.