‘लाभ घ्यावा’ म्हणजे नेमकं काय करायचं? कार्यशाळेच्या मेलचा शेवट

पीएचडीला प्रवेश घेतलात की विभागाच्या कार्यशाळेचा मेल लिहायचं काम कधी ना कधी तुमच्याकडे येतंच. विषय, वक्ते, वेळापत्रक हे सगळं आपण नीट लिहितो. शेवटचा परिच्छेद मात्र सवयीने लिहिला जातो, आणि वाचणारा नेमका तिथेच अडतो.

एक नमुना घेऊ. एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्रीय विश्लेषणाची दोन दिवसांची कार्यशाळा आहे. जागा ३०, शुल्क ५०० रुपये. मेलचा शेवट असा:

> तरी जास्तीत जास्त विद्यार्थ्यांनी या संधीचा लाभ घ्यावा. अधिक माहितीसाठी सोबतचे माहितीपत्रक पाहावे, विभागाच्या संकेतस्थळाला भेट द्यावी किंवा संयोजकांशी संपर्क साधावा. आपल्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

भाषा सभ्य आहे, व्याकरण बरोबर आहे. पण मेल वाचून झाल्यावर हाताने काय करायचं, हे यात कुठेच नाही. ‘लाभ घेणे’ ही कृती नव्हे. अर्ज भरणे ही कृती. पुढे तीन वाटा दिल्या आहेत, त्यातली नोंदणीची कुठली हे वाचणाऱ्यानेच शोधायचं. अर्जाची लिंक माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर असेल, तर बसमध्ये मोबाइलवर मेल पाहणारा ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणतो आणि विसरतो. शेवटची तारीखही नाही, त्यामुळे आजच काही करायचं कारणही नाही.

दुरुस्तीची सुरुवात शब्दांपासून करू नका. आधी ठरवा, की वाचणाऱ्याने एकच गोष्ट करायची असेल तर कुठली? इथे मोह होतो तो ‘अर्ज भरा आणि शुल्क भरा’ असं एका दमात सांगण्याचा. पण पीएचडीच्या विद्यार्थ्याला बहुधा आधी गाइडना विचारावं लागतं. तो लगेच ५०० रुपये भरणार नाही, मग अर्जही तसाच राहील. म्हणून पहिली पायरी लहान ठेवू: आत्ता फक्त नोंदणी, शुल्क जागा निश्चित झाल्यावर. आता लिहू:

> कार्यशाळेला यायचं असल्यास शुक्रवार, १२ डिसेंबर, संध्याकाळी ५ पर्यंत नोंदणी अर्ज भरा. नाव, विभाग आणि फोन क्रमांक एवढंच विचारलं आहे. दोन मिनिटं लागतील.
>
> [नोंदणी अर्ज भरा]
>
> जागा ३० आहेत आणि अर्ज येतील त्या क्रमाने दिल्या जातील. जागा मिळाली की नाही, हे सोमवारी, १५ तारखेला मेलने कळवू. ५०० रुपये शुल्क त्यानंतर भरायचं आहे. काही शंका असल्यास याच मेलला उत्तर द्या.

लिंकवरचे शब्द पाहा. ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘नोंदणी अर्ज भरा’ लिहिलं, की मेल वरवर चाळणाऱ्यालाही पुढे काय उघडणार ते कळतं. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडरवर नुसत्या लिंकची यादी ऐकू शकतात; तिथे ‘येथे’ला काहीच अर्थ उरत नाही. आणि ही लिंक मेलच्या मजकुरातच हवी. पोस्टरच्या चित्रात छापलेला पत्ता बोटाने दाबून उघडत नाही.

‘जागा ३०’ हा आकडा खरा आहे म्हणून लिहिला. हॉलमध्ये १०० जण मावत असताना ‘मोजक्याच जागा’ लिहिलंत, तर पुढच्या मेलवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. गूगल फॉर्म फक्त संस्थेच्या खात्यांपुरता मर्यादित असेल, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला तो दिसणारच नाही. फॉर्ममध्ये फाइल जोडायला सांगितली असेल, तर गूगल खात्यात लॉगिनही करावं लागतं. तुमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत दिसतं, कारण तुम्ही आधीच लॉगिन असता. दुसरी, मेलचा फक्त शेवट एखाद्या मित्राला दाखवा आणि विचारा, ‘आता काय करशील? कधीपर्यंत? मग पुढे काय होईल?’ तिन्ही उत्तरं न अडखळता आली, तर मेल पाठवा.

पाठवल्यावर किती जणांनी मेल उघडला, यावर फार विसंबू नका. काही मेल अ‍ॅप्स त्यातली चित्रं आपोआप आधीच उतरवून घेतात, त्यामुळे न वाचलेला मेलही ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. त्यापेक्षा किती अर्ज आले ते बघा आणि उत्तरादाखल आलेले प्रश्न वाचा. ‘फी कधी भरायची?’ असं तिघांनी विचारलं, तर ते वाक्य शेवटात एकतर नाही, नाहीतर सापडत नाही. स्मरणपत्रात तेच आधी दुरुस्त करा.

प्रश्न कमी आणि अर्जही कमी, असं झालं तर मात्र शेवट पुन्हा घासत बसू नका. कार्यशाळेच्या तारखा परीक्षेच्या आठवड्यात तर येत नाहीत ना, ते बघा.